पहिला रिसर्च पेपर वाचताना: ॲबस्ट्रॅक्टपासून मेथड्सपर्यंत

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट लागला की गाइड एकच सांगतात, ‘आधी दोन-चार पेपर वाचून या.’ वाचायचे कसे, हे मात्र बहुधा कोणी सांगत नाही. मग पोरं-पोरी पेपर पाठ्यपुस्तकासारखा धरतात. पहिल्या ओळीपासून सुरुवात, प्रत्येक अनोळखी शब्दाला डिक्शनरी, तिसऱ्या पानापर्यंत निम्म्या ओळी हायलायटरने पिवळ्या, आणि मेथड्स आलं की ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणून थेट कन्क्लुजनवर उडी. अशाने पेपर वाचून झाल्यासारखा वाटतो, पण हाती लागतं ते फक्त लेखकांचं म्हणणं. ते म्हणणं कशाच्या आधारावर आहे, हे मेथड्समध्ये असतं आणि नेमकं तेच राहून जातं.

या लेखात एकच पेपर घेऊन ॲबस्ट्रॅक्टपासून मेथड्सपर्यंत टप्प्याटप्प्याने कसं जायचं ते बघू. नागपुरात बसून वाचायचा तर विषय उन्हाचा घेऊ. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला तर कोणी दचकत नाही, फार तर कूलरमध्ये पाणी भरलं का ते विचारतात. त्यामुळे उन्हाने माणसं मरतात का, किती मरतात आणि ते मोजतात कसं, हा प्रश्न इथल्या विद्यार्थ्याला समजावून सांगावा लागत नाही.

पेपर अहमदाबादचा आहे. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांपर्यंत गेला होता. त्या महिन्यातल्या मृत्यूंचा अभ्यास २०१४ साली प्लॉस वन या जर्नलमध्ये आला. जर्नल सगळ्यांना मोफत खुलं आहे, त्यामुळे कॉलेजच्या लायब्ररीचं लॉगिन लागत नाही. शीर्षक आणि पत्ता असा:

```
Heat-Related Mortality in India: Excess All-Cause Mortality
Associated with the 2010 Ahmedabad Heat Wave
https://doi.org/10.1371/journal.pone.0091831
```

पीडीएफ उतरवून घ्या आणि जमलं तर झेरॉक्सच्या दुकानातून एका बाजूने प्रिंट काढा. मोबाईलवर पेपर वाचता येतो, पण आकृती एका पानावर, तिचं वर्णन दुसऱ्यावर आणि आकडा तिसऱ्यावर असतो. बोटाने वर-खाली सरकवता सरकवता धागा तुटतो. सोबत पेन्सिल, एक कोरा कागद आणि साधा कॅल्क्युलेटर असू द्या. हायलायटर दूर ठेवा.

शीर्षकातच थोडं थांबा

शीर्षकात दोन शब्दप्रयोग आहेत, ज्यांच्यावर सगळा पेपर फिरतो. पहिला ‘ऑल-कॉज मॉर्टॅलिटी’, म्हणजे कोणत्याही कारणाने झालेले सगळे मृत्यू. इथे बहुतेकांना पहिली शंका येते. अभ्यास उन्हाचा आहे, तर उष्माघाताचे मृत्यू मोजायला हवेत, सगळे काहून मोजले? कारण ऊन लागून गेलेल्या माणसाच्या दाखल्यावर ‘उष्माघात’ लिहिलं जाईलच असं नाही. आधीच हृदयाचा त्रास असलेले आजोबा दुपारी कोसळले तर कागदावर हृदयविकार येतो. किडनी अधू असलेल्या बाईंच्या बाबतीत किडनी येते. फक्त उष्माघाताच्या नोंदी मोजल्या तर उन्हाने घेतलेले बरेचसे जीव हिशोबाबाहेरच राहतील. म्हणून लेखकांनी कारण बाजूला ठेवलं आणि सगळे मृत्यू मोजले.

दुसरा शब्द ‘एक्सेस’, म्हणजे जास्तीचे. कशापेक्षा जास्तीचे? एरवी जितके व्हायचे त्यापेक्षा. आता ‘एरवी’ किती व्हायचे हे कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. ते ठरवावं लागतं, आणि ते ठरवण्याची रीत मेथड्समध्ये असते. म्हणजे शीर्षक वाचतानाच मेथड्समध्ये काय शोधायचं ते कळलं. कोऱ्या कागदाच्या डोक्यावर लिहून ठेवा: कशाशी तुलना?

ॲबस्ट्रॅक्ट: चार खुणा, त्यापुढे काही नाही

ॲबस्ट्रॅक्ट दोनदा वाचा. पहिल्यांदा सरळ, न थांबता. दुसऱ्यांदा पेन्सिलीने समासात चार अक्षरं टाकत: प्रश्न जिथे आहे तिथे ‘प्र’, काय मोजलं तिथे ‘मो’, कशाशी तुलना केली तिथे ‘तु’ आणि दावा काय तिथे ‘दा’. अनोळखी शब्दाखाली फक्त रेघ मारा, अर्थ आत्ता शोधू नका. निम्म्या शब्दांचा अर्थ पुढे आपोआप लागतो आणि उरलेल्यांपैकी काहींची गरजच पडत नाही.

आपल्या पेपरच्या ॲबस्ट्रॅक्टमध्ये या खुणा सहज सापडतात. प्रश्न असा की मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत जास्तीचे मृत्यू झाले का. मोजलं काय, तर १ ते ३१ मे २०१० मधले सगळे मृत्यू. तुलना मे २००९ आणि मे २०११ या दोन महिन्यांच्या सरासरीशी. आणि दावा: ४,४६२ मृत्यू झाले, तुलनेच्या काळात ते ३,११८ होते, म्हणजे १,३४४ जास्तीचे, ४३.१ टक्क्यांची वाढ.

चारपैकी एखादी खूण टाकायला जागाच सापडली नाही, तर तीही नोंद करायची गोष्ट आहे. पुष्कळ ॲबस्ट्रॅक्टमध्ये ‘तु’ सापडत नाही. ‘लक्षणीय वाढ आढळली’ असं लिहिलेलं असतं, पण कशाच्या मानाने ते नसतं. अशा वेळी समासात प्रश्नचिन्ह टाकून पुढे जा.

आकडे स्वतः करून बघा

ही पायरी सगळे टाळतात, आणि खरं तर पाच मिनिटांची आहे. ४,४६२ मधून ३,११८ वजा केले की १,३४४ येतात. त्याला ३,११८ने भागलं की ०.४३१. आकडे जुळले. यातून लेखकांची परीक्षा होत नाही, आपली होते. टक्केवारी कशावर काढली आहे हे भागाकार करताना हाताला कळतं. कोणी १,३४४ला ४,४६२ने भागेल तर त्याला ३०.१ टक्के मिळतील आणि तो म्हणेल पेपरच चुकला. चूक भाजकात आहे.

आता एक आकडा आपण स्वतः काढू, जो ॲबस्ट्रॅक्टमध्ये नाही. दोन्ही संख्यांना ३१ने भागा. तुलनेच्या मे महिन्यात रोज सरासरी १०१ च्या आसपास मृत्यू होते, २०१०च्या मेमध्ये १४४. हे लिहिल्याबरोबर चित्र डोळ्यांसमोर येतं. शहरात रोज शंभरेक घरी मयत होते, तिथे एका महिन्यात रोज त्रेचाळीस घरांची भर पडली. ती भर रोज सारखी होती की काही दिवसांतच लोंढा आला? महिन्याच्या बेरजेवरून हे कळू शकत नाही. हा तुमचा दुसरा प्रश्न, तोही कागदावर टाका.

ॲबस्ट्रॅक्टमध्ये पुढे एक वाक्य आहे, त्यावर पहिल्यांदा वाचणारा हमखास अडखळतो. १९ ते २५ मे हा सर्वांत कडक आठवडा. त्यासाठी मृत्युदराची दोन गुणोत्तरं दिली आहेत, १.७६ आणि २.१२, आणि म्हटलं आहे की १२ ते १८ मे हा आठवडा वेगवेगळ्या वर्षांतला घेऊन तुलना केली. वर्गात एका विद्यार्थिनीने हे वाचून विचारलं होतं, ‘सर, एकाच आठवड्याची दोन उत्तरं कशी?’ तिचा प्रश्न बरोबर जागी होता. कडक आठवडा एकच आहे, पण त्याच्या शेजारी ठेवायचा साधा आठवडा बदलला की गुणोत्तर बदलतं. १.७६ म्हणजे पावणेदोन पट, २.१२ म्हणजे दुपटीहून जास्त. वर्तमानपत्राच्या मथळ्यात या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडेल. कोणता आकडा कोणत्या तुलनेतून आला हे ॲबस्ट्रॅक्टच्या त्या एका वाक्यावरून नीट उलगडत नाही. तिथे डोकं खाजवत बसू नका. ‘१.७६ कोणाशी? २.१२ कोणाशी?’ एवढं कागदावर उतरवा. हा तिसरा प्रश्न.

गुणोत्तरांच्या शेजारी कंसात `95% CI 1.67–1.83` असं काहीतरी दिसेल. सांख्यिकीचा पेपर घेतला नसेल तर इथेच धीर सुटतो. सध्या एवढंच पुरे: रोजच्या मृत्यूंची संख्या आपसूकही थोडी वर-खाली होत असते, आणि तेवढ्या योगायोगाच्या चढउतारामुळे खरं गुणोत्तर कितपत इकडेतिकडे असू शकतं, त्याचा हा पट्टा आहे. गुणोत्तर १ म्हणजे काहीच फरक नाही. पट्टा १ला शिवत नाही, १.६७ पासूनच सुरू होतो, म्हणजे हा फरक निव्वळ योगायोगाचा नसावा. पण एक मर्यादा इथेच समजून घ्या. हा पट्टा फक्त योगायोगाचा हिशोब करतो. तुलनेसाठी चुकीचा आठवडा निवडला असेल तर पट्टा तितकाच अरुंद आणि तितकाच रुबाबदार दिसेल. १.७६ आणि २.१२ यांचे पट्टे एकमेकांना शिवतही नाहीत. दुसऱ्याचा २.०३ पासून सुरू होतो. तुलना बदलल्याने जेवढा फरक पडला, तो योगायोगाच्या पट्ट्यात मावलाच नाही.

इंट्रोडक्शन: शेवटचा परिच्छेद, बास

पहिल्या वाचनात इंट्रोडक्शनचा शेवटचा परिच्छेद तेवढा वाचा. आधी कोणी काय केलं आणि हा अभ्यास काय नवीन करतो, हे बहुतेक वेळा तिथे गोळा झालेलं असतं. आधीचे परिच्छेद आणि त्यातले संदर्भ प्रोजेक्ट लिहायला बसाल तेव्हा कामाचे आहेत.

मजकुराआधी आकृत्या

आता पानं उलटत फक्त आकृत्या आणि तक्ते बघा. प्रत्येक आकृतीला तीन प्रश्न विचारायचे: आडव्या अक्षावर काय, उभ्या अक्षावर काय, आणि एक टिंब म्हणजे काय? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. एक टिंब म्हणजे एक माणूस, एक दिवस की एक महिना, हे ठरलं नाही तर आकृती दिसते पण कळत नाही. आपल्या पेपरमध्ये रोजचं कमाल तापमान आणि रोजचे मृत्यू यांची सांगड घातली आहे, म्हणजे एक टिंब एका दिवसाचं.

तुमचा दुसरा प्रश्न, भर रोज सारखी होती की लोंढ्याने आली, तो इथे सुटू लागतो. पण आधी एक काळजी घ्या. या अभ्यासात सात दिवसांची चलसरासरी वापरली आहे, म्हणजे प्रत्येक दिवसाच्या जागी सलग सात दिवसांची सरासरी. तिचा परिणाम काय होतो ते काल्पनिक आकड्यांवर बघू. सहा दिवस रोज १०० मृत्यू आणि एका दिवशी २४०. सातांची बेरीज ८४०, सरासरी १२०. म्हणजे २४०चं टोक आलेखात १२० होऊन सात दिवसांवर पसरलं. ही फसवणूक नाही. रोजची खडखड कमी करून कल दिसावा म्हणून मुद्दाम केलेली गोष्ट आहे. पण अशा रेषेवरून ‘सर्वांत वाईट दिवशी किती मृत्यू झाले’ हे वाचायला जाल तर फसाल. त्यासाठी रोजचे कच्चे आकडे दाखवणारी रेषा शोधायची.

आकृतीखालचा बारीक मजकूर सोडू नका. कोणती रेषा कच्ची आणि कोणती सरासरीची, हे बहुधा तिथेच असतं.

मेथड्स: आपले प्रश्न घेऊन आत जा

काही जर्नल मेथड्स शेवटी टाकतात, तेही बारीक अक्षरात, जणू वाचू नये म्हणूनच. कुठेही असलं तरी या टप्प्यावर तिथे जा. कागदावरचे प्रश्न समोर ठेवा आणि फक्त त्यांची उत्तरं देणारी वाक्यं शोधा. मेथड्स पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला घेतलं की झोप येते, प्रश्न घेऊन गेलात की येत नाही.

पहिला थांबा: आकडे आले कुठून? मृत्यूंचे आकडे अहमदाबाद महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीतले आहेत. आपल्याकडे १९६९च्या कायद्यानुसार मृत्यूची नोंद होते ती जिथे मृत्यू झाला तिथल्या निबंधकाकडे. माणूस राहत कुठे होता, त्यावर ते ठरत नाही. नागपूरकराला यातली गोम लगेच कळेल. मेडिकल आणि मेयोत भंडारा, गोंदिया, चंद्रपूरचे पेशंट येतात, तिकडे बालाघाट-छिंदवाड्याचेही. त्यांच्यातला कोणी इथे गेला तर नोंद नागपुरात. मग शहरातल्या नोंदी म्हणजे शहरातले लोक, असं धरता येत नाही. अहमदाबादही मोठं शहर आहे, तिथेही बाहेरचे पेशंट येत असणार. पेपरने याबद्दल काय म्हटलं आहे ते शोधा. मेथड्समध्ये नसेल तर डिस्कशनमध्ये मर्यादांचा परिच्छेद असतो, तो बघा.

पण शंका सापडली म्हणजे पेपर बाद, असं नसतं. पुढची पायरी ही, की या त्रुटीने उत्तर कोणत्या बाजूला ढकललं जाईल? बाहेरच्यांचे मृत्यू दरवर्षी साधारण तेवढेच असतील तर ते २००९, २०१०, २०११ तिन्हीत येतात आणि वजाबाकीत निघून जातात. १,३४४ला धक्का लागत नाही. कडक उन्हात बाहेरून जास्त पेशंट आले असतील, तर मात्र जास्तीच्या मृत्यूंतले काही शहराबाहेरचे ठरतील.

आणखी एक त्रुटी घेऊ, जिचं वागणं वेगळं आहे. समजा दर दहा मृत्यूंपैकी दोन नोंदवलेच जात नाहीत, आणि हे तिन्ही वर्षी सारखंच. मग खरे मृत्यू २०१०ला सुमारे ५,५७८ आणि तुलनेच्या काळात ३,८९८. टक्केवारी काढा, ती पुन्हा ४३.१च येते. पण वजाबाकी १,३४४ऐवजी १,६८० येते. म्हणजे एकाच त्रुटीने टक्का जसाच्या तसा ठेवला आणि संख्या कमी दाखवली. हा हिशोब एकदा स्वतःच्या हाताने केला की ‘डेटात त्रुटी आहेत’ एवढं मोघम वाक्य प्रोजेक्टमध्ये लिहावंसं वाटत नाही.

दुसरा थांबा तोच, जो कागदाच्या डोक्यावर लिहिला आहे: कशाशी तुलना? इथे सर्वांत जास्त वेळ घालवा. लेखकांनी २०१०च्या अलीकडचं आणि पलीकडचं अशी दोन वर्षं घेतली. दोन्ही बाजूंची का? वाढत्या शहरात ऊन असो-नसो, मृत्यूंची संख्या दरवर्षी थोडी वाढते, कारण माणसंच वाढतात. समजा ती १००, १०३, १०६ अशी जाते. फक्त २००९शी तुलना केली तर १०३ वजा १००, असे तीन मृत्यू निव्वळ लोकसंख्यावाढीचे असूनही उन्हाच्या खात्यात पडतील. दोन्ही बाजूंची सरासरी घेतली की १०० आणि १०६ची सरासरी १०३, आणि वाढ आपोआप कापली जाते. साधी युक्ती आहे, पण तिच्यामागचं कारण मेथड्समध्ये उलगडून सांगितलेलं असेलच असं नाही. ‘असंच का केलं?’ हे विचारून ते स्वतः काढावं लागतं.

या युक्तीची कमजोरीही तिथेच आहे. तुलनेला दोनच वर्षं आहेत. त्यांतल्या एखाद्या वर्षीचा मे नेहमीपेक्षा निवांत गेला असेल तर ‘एरवीचा’ आकडा खाली येतो आणि जास्तीचे मृत्यू फुगतात. त्या वर्षीही लाट येऊन गेली असेल तर उलट होतं, जास्तीचे मृत्यू कमी दिसतात. म्हणून २००९ आणि २०११चं तापमान पेपरमध्ये कुठे दिलं आहे का ते बघा आणि २०१०च्या शेजारी ठेवा. मागे टाकलेला १.७६ आणि २.१२चा प्रश्नही याच थांब्यावर सोडवायचा. मृत्युदराच्या गुणोत्तराचं वर्णन असलेला परिच्छेद शोधा, त्यातली तुलनेची तारीख आणि वर्ष कागदावर उतरवा, मग रिझल्ट्सच्या तक्त्यात तीच तारीख धरून आकडा शोधा. मेथड्स आणि तक्ता शेजारी ठेवूनच ॲबस्ट्रॅक्टचं ते वाक्य सुटतं.

तिसरा थांबा: एवढी वेगवेगळी विश्लेषणं कशाला? महिन्याची वजाबाकी आहे, चलसरासरी आहे, आठवड्याची गुणोत्तरं आहेत, वर परत तापमान आणि मृत्यू यांचा सहसंबंध. विद्यार्थ्याला वाटतं की पेपर जाडजूड दिसावा म्हणून केलं असेल. तसं नाही. महिन्याची वजाबाकी एवढंच सांगते की मे २०१०मध्ये जास्त लोक गेले. ते उन्हानेच गेले हे ती सांगू शकत नाही. त्या महिन्यात एखादी साथ आली असती तरी वजाबाकी तशीच आली असती, कारण मोजले सगळेच मृत्यू आहेत. मग ऊन आणि मृत्यू एकाच दिवसांत चढले का, हे बघावं लागतं. त्यासाठी रोजचा सहसंबंध आणि कडक आठवड्याचं गुणोत्तर. एका विश्लेषणाची दुबळी बाजू दुसऱ्याने सांभाळायची, अशी ही रचना आहे. मेथड्स वाचताना प्रत्येक विश्लेषणापुढे ‘हे नसतं तर काय शंका राहिली असती?’ असं लिहून बघा.

सहसंबंधाचे आकडे असे आहेत: एप्रिलला `r = 0.69`, मेला `r = 0.77`, जूनला `r = 0.39`. `r` कमाल १ असतो, आणि टिंबं एका सरळ रेषेच्या जितकी जवळ तितका तो १च्या जवळ. एका गोष्टीत बहुतेक जण गोंधळतात. `r` रेषा किती चढी आहे ते सांगत नाही, टिंबं तिला किती चिकटून आहेत तेवढंच सांगतो. पारा एक अंशाने वाढला तर किती मृत्यू वाढतात, हे ०.७७मध्ये नाही. मेच्या `p < 0.001`चा अर्थ असा, की तापमान आणि मृत्यू यांचा काहीच संबंध नसता तर निव्वळ योगायोगाने एवढा मोठा `r` दिसण्याची शक्यता हजारात एकाहून कमी. ‘उन्हाने मृत्यू झाले याची खात्री ९९.९ टक्के’ असा त्याचा अर्थ नव्हे. प्रोजेक्टच्या व्हायव्हाला हे वाक्य म्हणून अडकलेली मुलं मी दरवर्षी बघतो.

जरा खोलात जायचं असेल तर आणखी एक शंका. ३१ दिवस म्हणजे ३१ सुटी टिंबं नव्हेत. आज तापलं तर उद्याही तापलेलंच असतं, दिवस एकमेकांना धरून चालतात. त्यामुळे `p` दिसतो तितका भक्कम नसतो. इतकी ठळक लाट असताना निष्कर्ष यामुळे उलटत नाही, पण तुमच्या प्रोजेक्टमध्ये फिकट संबंध निघाला तर हीच गोष्ट निष्कर्ष बुडवू शकते.

मेथड्समध्ये काही परिच्छेद पहिल्यांदा कळणार नाहीत, सॉफ्टवेअरचं नाव, चाचणीचं नाव वगैरे. ते सोडा. नैतिक परवानगीचा परिच्छेदही सध्या नुसता नजरेखालून घाला. कळलं की नाही याची माझी कसोटी वेगळी आहे. पेपर पालथा ठेवा आणि कोऱ्या कागदावर एक रिकामा तक्ता आखा: ओळींत काय, रकान्यांत काय, आणि कोणत्या दोन घरांतून १,३४४ येतो. तक्ता आखता आला तर मेथड्स समजलं. आखता आला नाही तर नेमकं कोणतं घर रिकामं राहतं ते दिसेल, आणि परत तेवढ्याचसाठी आत जायचं.

मग परत ॲबस्ट्रॅक्टवर

रिझल्ट्स आणि डिस्कशन यानंतर वाचा, आणि डिस्कशन सगळ्यांत शेवटी. आधी वाचलं तर लेखकांचा अर्थ डोक्यात बसतो आणि मग मेथड्समध्ये दुसरं काही दिसेनासं होतं. शेवटी ॲबस्ट्रॅक्ट पुन्हा काढा आणि त्यातला दावा स्वतःच्या शब्दांत, मराठीत, मर्यादांसकट लिहा. या पेपरसाठी मी असं लिहीन: ‘मे २०१०मध्ये अहमदाबादेत नोंदवलेले मृत्यू मे २००९ आणि मे २०११च्या सरासरीपेक्षा १,३४४ने, म्हणजे ४३.१ टक्क्यांनी जास्त होते. त्या महिन्यात रोजचं कमाल तापमान आणि रोजचे मृत्यू यांचा घट्ट सहसंबंध होता.’ आता हे वाक्य ‘उष्माघाताने १,३४४ बळी’ या मथळ्याशेजारी ठेवून बघा. पेपरने उष्माघाताचे मृत्यू मोजलेच नव्हते.

यात एक प्रश्न उरतो, जो मे महिन्याच्या चौकटीत बसत नाही. जे गेले त्यांतले काही अतिशय आजारी होते आणि ऊन नसतं तरी पुढच्या काही आठवड्यांत गेले असते, असं असेल तर जून-जुलैत मृत्यू नेहमीपेक्षा कमी दिसायला हवेत. पेपरमध्ये २०१०च्या पूर्ण वर्षाचे रोजचे आकडे वापरले आहेत. त्या आकृतीत मेनंतरची रेषा बघा.

एवढं झालं की दुसरा पेपर घ्या, तो आपल्याच गावचा:

```
Extreme Heat Kills Even in Very Hot Cities: Evidence from Nagpur, India
```

हा २०२०चा आहे. याच्या शीर्षकातलं क्रियापद बघा: अहमदाबादच्या पेपरने ‘असोसिएटेड’ म्हटलं होतं, इथे थेट ‘किल्स’ आहे. तेवढ्या ठाम शब्दाला तुलना पुरते का, हे तपासायला चार खुणा, रिकामा तक्ता आणि ‘कशाशी तुलना?’ हाच क्रम पुरेसा आहे. मेथड्सपर्यंत पोचलात की नोंदणीच्या परिच्छेदापाशी थांबा आणि मेडिकल-मेयोतल्या बाहेरगावच्या पेशंटांचं काय केलं आहे, ते आधी शोधा.